शिवणीतला दोरा

वैशाखात आमच्या बेळगावात शिवजयंती असते. चित्ररथांची मिरवणूक रात्रभर चालते आणि दुसऱ्या दिवसापासून माझ्या लाँड्रीत मावळे, मोगल आणि दरबारी मानकरी एकाच ढिगात येऊन पडतात. घाम, धूळ, मशालीचं तेल आणि गुलाल. गुलालाचे कपडे आधी कोरडेच झटकायचे आणि मऊ ब्रशानं झाडायचे, पाण्याचा थेंबही लावायचा नाही, हे मी दरवर्षी मंडळाच्या पोरांना सांगतो. दरवर्षी कुणीतरी ओल्या फडक्यानं पुसून आणतोच, आणि मग ती गुलाबी छटा कपड्यात कायमची मुरते.

यंदा त्या गर्दीत शेजारच्या गल्लीतल्या वहिनी आल्या. त्यांचा पोरगा जिवंत देखाव्यात बालशिवाजी झाला होता. हातात त्याचा अंगरखा. मरून मखमल, आतून पिवळ्या साटिनचं अस्तर, काठाला जर. म्हणाल्या, "मंडळाचे पैसे संपले म्हणतात. घरी मशीनला लावला तर चालंल काय हो दादा?"

काउंटरवर सहा माणसं उभी होती. मी अंगरखा उलटा केला, काखेतल्या शिवणीतून लोंबणारा एक दोरा ओढला, काडी लावली. दोरा आकसला, वितळला, टोकाला काळी कडक गोळी झाली. "पॉलिस्टर आहे, वहिनी. गार पाण्यात लावा, काही होत नाही." वीस वर्षं हेच करतोय. सगळं मिळून अर्धं मिनिट लागलं असेल.

तिसऱ्या दिवशी त्या परत आल्या. पिशवीतून अंगरखा काढला आणि काउंटरवर न ठेवता हातातच धरून उभ्या राहिल्या. खालच्या घेराला पिवळं अस्तर मखमलीच्या बाहेर दोन बोटं लोंबत होतं. मखमलीची लव जागोजागी आडवी पडली होती, छातीवर डाव्या बाजूला वाळलेल्या तळ्यासारख्या भेगा दिसत होत्या, आणि रंग मरून असूनही वर राख शिंपडल्यासारखा. "माझंच चुकलं बगा," त्या म्हणाल्या. "पावडर जास्त पडली असंल." मी काहीच बोललो नाही. म्हटलं, ठेवून जा, बघतो.

अस्तर लोंबतंय म्हणजे अस्तर वाढलेलं नसतं, वरचं कापड आटलेलं असतं. त्या एका गोष्टीवरून मला कळलं की मी काय केलंय. तरी खात्री करायला दुकान बंद झाल्यावर बसलो. आतल्या मायेतून मखमलीची थोडी लव ब्लेडनं खरवडली आणि काडी लावली. भुरकन जळाली, कागद जळल्याचा वास आला, मागे मऊ करडी राख. गोळी नाही. मग लवेखालच्या विणीतला एक धागा सोडवला. तोही तसाच जळाला. लव रेयॉनची, खालचं कापड सुती किंवा तेही रेयॉन. या दोघांतला फरक काडीनं कळत नाही, दोन्ही झाडाच्याच वस्तू, सारख्याच जळतात. अस्तर मात्र वितळलं. म्हणजे काउंटरवर मी जे जाळलं होतं ते कापड नव्हतंच. तो शिंप्याच्या रिळाचा दोरा होता. आजकाल शिलाईचा दोरा बहुतेक पॉलिस्टरचाच असतो, तो कुठल्याही कपड्यात सापडणार. काडीनं खोटं सांगितलं नाही, मीच तिला भलत्याची साक्ष विचारली.

लोक "साटिन धुतलं तर चालतं का" असं विचारतात, त्याचंही हेच. साटिन हे विणीचं नाव आहे. धागा वरून लांब लांब तरंगत जातो म्हणून चकाकी येते. तो धागा रेशमाचा, रेयॉनचा, पॉलिस्टरचा, कशाचाही असू शकतो. या अंगरख्याचं पिवळं साटिन पॉलिस्टरचं म्हणून मशीनमधून जसंच्या तसं बाहेर आलं. रेयॉनचं असतं तर तेही मखमलीबरोबर आटलं असतं, आणि मग लोंबलेलं काही दिसलंच नसतं.

गार पाण्यात लावा म्हणालो होतो, त्याचाही उपयोग शून्य. रेयॉनला ऊन-गार पाणी लागत नाही, पाणी पुरतं. तंतू पाणी पिऊन फुगतो, धागा जाड होतो आणि जाड होताना लांबीला आखडतो. त्यात ओल्या रेयॉनची ताकद जवळजवळ निम्मी होते. अशा वेळी मशीन त्याला घुसळतं आणि शेवटी पिळताना गरगर फिरवून भिंतीला चेपून धरतं. ओली, लेचीपेची लव ज्या घडीत दाबली जाते त्याच घडीत वाळते. त्या छातीवरच्या भेगा तिथल्या. पेट्रोल वॉशमध्ये हे होत नाही, कारण त्या द्रावणानं तंतू फुगत नाही. मी शंभरेक रुपये सांगितले असते.

दुरुस्ती करायला दोन संध्याकाळी लागल्या. मखमलीवर सरळ इस्त्री फिरवणारे मोठमोठ्या दुकानात बसलेत, त्यांच्याबद्दल न बोललेलं बरं. मी अस्तर घेरापाशी उसवलं. टेबलावर जुन्या मखमलीचा तुकडा लव वर करून अंथरला, त्यावर अंगरखा लव खाली करून ठेवला, म्हणजे लवेत लव बसते आणि चेपत नाही. वाफेची इस्त्री कापडाला न टेकवता दोन बोटं वर धरून पाठीमागून वाफ सोडली. वाफ लवेपर्यंत पोचली की उचलून टांगायचं आणि मऊ ब्रशानं लवेच्या उलट्या दिशेनं हलकं झाडायचं. ओलसर असताना हात लावला तर बोटाचा ठसा उमटतो, म्हणून वाळेपर्यंत दूर राहायचं. मग पुन्हा वाफ. तिसऱ्या फेरीला पाठ आणि बाह्या उठल्या. करडेपणा गेला, खोल मरून परत आला. ते बघताना मला जरा बरं वाटलं हे कबूल करतो.

लांबी अवघड होती. कापड वाफेनं ऊन आणि दमट असताना टाचण्या लावून थोडं थोडं खाली ओढलं. जोर केला असता तर फाटलंच असतं. दोन बोटांतलं एक बोट परत आलं, पुढे सरकेना. उरलेलं एक बोट अस्तर आखूड करून घेतलं, कोपऱ्यावरच्या शिंप्याकडून. छातीवरच्या भेगा मात्र गेल्या नाहीत. उजेडात तिरकं धरलं की दिसतात. चित्ररथावरच्या दिव्यात दिसणार नाहीत, असं मी स्वतःला सांगितलं.

मंडळाचा एक कार्यकर्ता दुकानात आला होता, म्हणाला, पुढच्या वर्षी सगळं पॉलिस्टरचं घेतो, कटकट नको. घ्या की. धुवायला सोपं पडेल मला. पण ती मखमल मिठाईच्या खोक्यासारखी चमकते, हे त्याला सांगायचं राहिलं.

वहिनी न्यायला आल्या. त्यांनी पर्स उघडली तेव्हा मला सांगावंच लागलं. पावडरीचं काही नव्हतं, मी चुकीचा दोरा जाळला, तुम्ही मी सांगितलं तेच केलं. त्या माझ्याकडे बघत राहिल्या.

"म्हणजे चार दिवस मी सासूचं बोलणं फुकटच खाल्लं होय?"

"होय."

"मग त्यांना तुम्हीच येऊन सांगा की."

संध्याकाळी गेलो. सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं, सुनेकडे न बघता चहा टाकायला सांगितला. निघताना आत जाऊन एक जुनी चकचकीत शाल घेऊन आल्या आणि माझ्या हातात दिली. "ही घरी धुतली तर चालंल काय रे?"

काडेपेटी दुकानात राहिली होती.