तुम्ही विचारलंत म्हणून: प्रॉम्प्टमध्ये बाई का नाही

"तुम्ही करता तसं गरोदरपणाच्या फोटोचं चित्र मला हवंय. मंद, उबदार उजेड आणि मागे स्वप्नातली बाग. चित्र काढणाऱ्या AI ला लिहून द्यायचा नुसता प्रॉम्प्ट द्या ना. दोन ओळी द्यायला एवढं काय?"

देते. हा घ्या.

```
painted watercolor garden, pale mist, distant trees,
warm window light from the left, low contrast,
open space on the left
```

यापुढे काय होतं ते मला पाठ झालंय. "यात बाई कुठेय? पोट कुठेय? खरा प्रॉम्प्ट तुम्ही लपवलात." मी काहीही लपवलेलं नाही. बाई फोटोत आहे, म्हणून ती प्रॉम्प्टमध्ये नाही. ही एवढी गोष्ट मी परत परत सांगते आणि परत परत मला कंजूष ठरवलं जातं.

तुम्हाला हवा असतो तो प्रॉम्प्टही माझ्याकडे आहे. एके काळी मी तोच सगळ्यांना द्यायचे.

```
glowing pregnant woman, soft dreamy light,
tasteful framing, fairytale illustrated garden
```

वाचायला छान आहे, आणि नुसत्या शब्दांवरून कुणा अनोळखी बाईचं चित्र काढायचं असेल तर तो चालतोही. त्यावर अजूनही कुणी हसलं तर मला राग येतो. पण त्यातला glowing हा शब्द pregnant woman ला चिकटून आहे, त्यामुळे उजेड खिडकीतून येण्याऐवजी बऱ्याचदा पोटातूनच यायला लागतो, किंवा कातडी मेणासारखी गुळगुळीत होते. framing म्हटलं की कधीकधी चित्राभोवती खरोखरची चौकट येते, नाहीतर फुलांचं कडं. आणि tasteful म्हणजे किती अंतरावरून, कुठून कुठपर्यंत, हात कुठे, यातलं त्या शब्दाने काहीच ठरत नाही. ते फोटो काढतानाच ठरतं: गुडघ्यांपासून वर, कॅमेरा पोटाच्या उंचीला, अंग थोडं वळलेलं आणि चेहरा ज्या दिशेला, त्या दिशेला मोकळी जागा.

हा प्रॉम्प्ट एका बाईंनी नेला. त्यांचं रीतसर फोटोशूट ठरलं होतं, पण त्याआधीच, सातव्या महिन्यात बाळंतपण झालं. बाळ बरेच दिवस काचेच्या पेटीत होतं, पुढे सुखरूप घरी आलं. गरोदरपणाचा म्हणावा असा एकच फोटो उरला होता. त्यांच्या आईने मोबाइलवर काढलेला, मागे कपाट, दोरीवर कपडे आणि डाव्या हाताला खिडकी. त्यांनी तो फोटो टाकला, माझ्या ओळी चिकटवल्या आणि आलेलं चित्र मला पाठवलं. मी लगेच उत्तर लिहिलं, "किती सुंदर!" खरंच सुंदर होतं ते. धुकं होतं, फुलं होती, केसांवर सोनेरी कड होती.

त्यांचं उत्तर आलं ते एका ओळीचं. "हे पोट माझं नाही."

मी वाद घातला. म्हटलं, चेहरा थोडा बदलतो, तो नीट करता येईल. त्या म्हणाल्या, चेहऱ्याचं राहू द्या. मग त्यांनी मूळ फोटो पाठवला आणि मी दोन्ही शेजारी ठेवून पाहिले. मूळ फोटोत पोट गोल नव्हतंच. वर, बरगड्यांच्या खाली, एक उंचवटा होता आणि त्यांचा हात बरोबर त्याच्यावर होता. बाळ पायाळू होतं, त्याचं डोकं तिथे लागायचं, आणि त्या बाई दिवसभर तिथेच हात ठेवून असायच्या. नव्या चित्रात पोट चेंडूसारखं एकसारखं झालं होतं आणि तो हात खाली, पोटाला आधार दिल्यासारखा सरकला होता. गरोदर बाईच्या असंख्य चित्रांत हात जिथे असतो तिथे.

मी म्हटलं, बदलाचा आकडा कमी करून बघा. फोटोवरून चित्र करताना मूळ फोटोला किती सोडायचं, याचा एक आकडा असतो, ० ते १. त्यांनी ०.७ ठेवला होता. ०.३ वर आणला तेव्हा पोट बरंचसं परत आलं, हातही आला, पण कपाट आणि दोरीही परत आली, नुसती जराशी रंगवल्यासारखी. मधले आकडे करून पाहिले. कुठे अर्धी बाग आणि अर्धा त्यांचा हात. तेव्हा माझ्या डोक्यात शिरलं की तो आकडा सबंध चित्राला एकच लागू होतो. बाई तशीच राहील आणि भिंत तेवढी बदलेल, असा आकडा त्या पट्टीवर नाही. आणि शब्दांनीही ते होत नाही, कारण तो उंचवटा कुठल्याच शब्दात नव्हता, तो फक्त त्या फोटोत होता.

मग मी त्या फोटोतली बाई केसांसकट निवडून तिच्यावर मास्क लावला, म्हणजे तेवढा भाग झाकला आणि बाकीच्याच जागेत नवं चित्र काढायला लावलं. तेव्हा लिहिलेल्या ओळी म्हणजे तुम्हाला वर दिलेल्या, फक्त from the left तेव्हा नव्हतं. मास्कची कड केसांपाशी मऊ ठेवली, नाहीतर कात्रीने कापून चिकटवल्यासारखं दिसतं. हात आणि पोटापाशी ती कड मी घट्टच ठेवते, तिथे एक रेघसुद्धा सरकायला नको.

पहिल्या खेपेला बाग छान आली, पण उजेड पाठीमागून आला होता. त्यांच्या गालावर आणि पोटाच्या पुढच्या बाजूवर मात्र खिडकीचा उजेड डावीकडून. नेमकं काय बिनसलंय ते चटकन सांगता येत नाही, पण बाई बागेत उभी आहे असं वाटत नाही. हनुवटीखालची सावली बघायची, पोटाखालची बघायची, मग झाडांची. त्या एकाच बाजूला पडायला हव्यात. म्हणून त्या ओळीत from the left आहे. तुमच्या फोटोत खिडकी उजवीकडे असेल तर माझी ओळ तुम्हाला चुकीचीच ठरेल.

तुम्ही ज्याला मंद उजेड म्हणता तो सगळ्यात शेवटी येतो आणि तो प्रॉम्प्टमधून येत नाही. खिडकीच्या बाजूच्या कडेवर, खांद्यापासून पोटापर्यंत, फिक्या पिवळसर रंगाचा एक थर मी हाताने, खालचे रंग उजळवणाऱ्या 'स्क्रीन' मोडमध्ये देते, जेमतेम १५ टक्के. मग मूळ फोटो वर ठेवून तो दाखवत-लपवत राहते. बाईची रेघ जरा जरी हलली, तर परत मागे.

त्या बाईंना ते चित्र आवडलं. "हात जागेवर आहे," एवढंच म्हणाल्या.

पण "मग प्रॉम्प्टला अर्थच नाही" हे वाक्य माझ्या तोंडी घालू नका. धुकं फिकं हवं, झाडं लांब हवीत, कॉन्ट्रास्ट कमी हवा, हे सगळं त्या ओळींनीच मिळालं. मागची बाग भडक झाली की डोळा बाईवरून उडतो.

आणि मला न सुटलेलं एक आहे. कपाट आणि दोरी मी पुसली, त्याच बाईंच्या सांगण्यावरून. त्या फोटोत ती त्यांची खोली होती, आईने घाईत काढलेल्या फोटोतली. पोट जसंच्या तसं हवं म्हणून मी एवढी भांडते आणि खोली मात्र बिनदिक्कत काढून टाकते. पोटावरची काळसर रेघ आणि ताणाचे व्रण मी आपणहून कधी काढत नाही. पण कुणी स्वतः सांगितलं की काढा, तर काढते, आणि काढताना हात जड होतो. तिचं शरीर, तिचा फोटो, तिची मर्जी, हे मला पटतं. तरी दर वेळी मी न पुसलेली एक प्रत सोबत पाठवते, मागितलेली नसली तरी.