पाच मार्कांचा कागद

«मॅडम, बाळंतिणीच्या नैराश्याचा दहा प्रश्नांचा कागद भरून घेतला, मार्क पाच आले. म्हणजे बाई ठीक आहे असंच लिहायचं ना?»

नाही. कागद कुणी भरला, कुठल्या भाषेत भरला आणि भरताना शेजारी कोण बसलं होतं, हे कळेपर्यंत काहीच लिहायचं नाही. दर वर्षी सुईणकाम शिकणाऱ्यांची नवी बॅच येते आणि हा प्रश्न येतोच, म्हणून या वेळी एका बाईचे दोन कागद सविस्तर सांगते. दोन्ही एकाच सकाळचे आहेत.

तिला सई म्हणू. बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या जुन्या वाड्यात दुसऱ्या मजल्यावर सासर. पहिलं बाळंतपण, सिझर, मुलगा. आई नाही, त्यामुळे माहेरी जायचा प्रश्नच नव्हता. सासूबाईंनी सगळं रीतसर केलं होतं, अळीव, डिंकाचे लाडू, मालिशवाली बाई, शेक, धुरी. बाळ दीड महिन्याचं झालं तेव्हा लसीला घेऊन आल्या. बाळाचं वजन उत्तम, टाक्यांची जागा स्वच्छ. आमच्या विद्यार्थिनीने बाकावर बसवून कागद भरून घेतला आणि मार्क आले पाच.

हा कागद म्हणजे एडिंबरा स्केल, 1987 साली स्कॉटलंडमध्ये तयार झालेलं. गेल्या सात दिवसांबद्दल दहा प्रश्न, प्रत्येकाला शून्य ते तीन मार्क, एकूण तीस. दहा किंवा जास्त आले की लक्ष द्यायचं, तेरा किंवा जास्त आले तर नैराश्याची शक्यता बरीच. हे निदान नव्हे. निदान डॉक्टर करतात, आपण फक्त कुणाला थांबवून विचारायचं ते ठरवतो.

मार्क पाच होते, पण दहाव्या प्रश्नाजवळ पेनाची खूण खोडलेली होती. तो प्रश्न स्वतःला इजा करून घेण्याच्या विचाराचा. आधी ‘क्वचितच’वर खूण केलेली, मग ती गिरवून काळी केलेली आणि ‘कधीच नाही’वर नवी खूण. विद्यार्थिनीला विचारलं तेव्हा कळलं, की सासूबाई शेजारी बसून एकेक प्रश्न मोठ्याने वाचत होत्या. प्रेमाने, मदत म्हणून. «रडू येतं का? छे गं, कशाला रडेल ती, सोन्यासारखं बाळ आहे.»

लस दिल्यावर बाळाला अर्धा तास केंद्रातच थांबवायचं असतं. तो अर्धा तास आपला. मी सासूबाईंना म्हटलं, «काकू, बाळाला घेऊन तुम्ही बाहेर पंख्याखाली बसता का? अंगावर काही उठतंय का, तेवढं बघा. मी हिचे टाके तपासते.» त्या लगेच उठल्या. घरच्यांना बाहेर काढायचं नसतं, त्यांना करण्याजोगं काम द्यायचं असतं.

दुसरा कागद मी गुजरातीत दिला. सई घरी मराठी बोलते, पण शिकली गुजराती माध्यमात, आणि बडोद्याच्या कित्येक मराठी मुलींचं असंच आहे. देवनागरी वाचता येते, पण अडखळत, आणि अडखळणारी बाई लवकर संपवायचं म्हणून पहिल्या ओळीवर खूण करते. आम्हाला पूर्वी मिळालेल्या मराठी कागदात सहावा प्रश्न होता, ‘गोष्टी माझ्या डोक्यावरून जात आहेत’. आपल्याकडे डोक्यावरून जाणं म्हणजे न समजणं. बायका म्हणायच्या, नाही हो, मला सगळं समजतं, आणि शून्य पडायचा. विचारायचं असतं, की कामं आवरेनाशी झालीत का, हातात काही राहत नाही असं वाटतं का. चौथ्या प्रश्नाचंही तसंच. ‘विनाकारण काळजी वाटते का?’ या प्रश्नावर सई म्हणाली, «विनाकारण कशी, कारण आहे ना. तो झोपेत श्वास घ्यायचा थांबला तर?» मी सांगितलं, कारण खरं की खोटं ते सोड, काळजी किती वेळा येते तेवढं सांग.

तिने एकटीने, खिडकीकडे तोंड करून कागद भरला. हसू येणं, एक. पुढच्या गोष्टींची ओढ, दोन. स्वतःला दोष देणं, तीन. काळजी, दोन. घाबरं होणं, एक. कामं न आवरणं, दोन. दुःखामुळे झोप न लागणं, दोन. उदास वाटणं, दोन. रडू, एक. आणि दहावा, क्वचितच, एक. बेरीज सतरा. तीच बाई, तेच सात दिवस, मध्ये पंचवीस मिनिटं.

बेरीज करताना एक गोष्ट सांभाळा. पहिल्या, दुसऱ्या आणि चौथ्या प्रश्नात वरचा पर्याय शून्याचा असतो आणि खालचा तीनचा. बाकीच्या सात प्रश्नांत उलटं, वरचा तीनचा. बाईच्या हातातल्या कागदावर आकडे छापत नाहीत, त्यामुळे घाईत सगळीकडे वरून शून्य, एक, दोन, तीन असं मोजलं जातं. तसं मोजलं तर पूर्ण आनंदात असलेल्या बाईला एकवीस पडतील आणि सगळ्यात जास्त खचलेल्या बाईला, जिचे तीस व्हायला हवेत, तिला नऊ. नऊ पडलेल्या बाईला आपण घरी पाठवतो. म्हणून प्रत्येक कागद दुसरीने पुन्हा मोजायचा, हा माझा नियम आहे.

आता दहावा प्रश्न. इथे बेरीज कितीही असो, शून्याखेरीज काहीही आलं की त्याच दिवशी, त्याच खोलीत स्पष्ट विचारायचं. विचारलं म्हणून बाईच्या डोक्यात नवं काही भरत नाही. उलट बहुतेक जणी सुटका झाल्यासारख्या बोलतात. मी विचारलं, «इथे क्वचितच लिहिलंयस. शेवटचं कधी वाटलं?»

«परवा रात्री.»

«काय आलं मनात?»

«तो रडत होता. मी गॅलरीत उभी होते. वाटलं, मी नसले तर त्याला दुसरी चांगली आई मिळेल.»

«उडी मारायचं ठरवलं होतंस?»

«नाही. मग त्याला दूध कोण पाजणार, असं वाटलं आणि आत आले.»

«बाळाला काही करावं असं कधी आलं मनात?»

«नाही नाही. कधीच नाही.»

यात चार गोष्टी कळल्या. विचार आहे, जागा डोळ्यांसमोर आहे, पण बेत नाही आणि तिला थांबवणारं काहीतरी आहे. बेत असता, तारीख-वेळ असती, तर तिला एक मिनिटही एकटं न सोडता सरळ इस्पितळात नेलं असतं. इथेही उद्यावर ढकललं नाही. तिला विचारून नवऱ्याला फोन केला. गॅलरीच्या दाराला रात्री कुलूप आणि रात्री खोलीत दुसरं कुणीतरी, एवढं ठरवलं. त्याच दुपारी मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे पाठवलं, सोबत दोन्ही कागद. रात्री-बेरात्री लागला तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर 14416 नवऱ्याच्या आणि तिच्या, दोघांच्या फोनमध्ये घालून दिला. हिमोग्लोबिन आणि थायरॉइडची तपासणीही केली, कारण बाळंतपणानंतर थायरॉइड बिघडलं तरी बाई अशीच गळून जाते.

डॉक्टरांनी अंगावर पाजताना चालणारी गोळी कमी मात्रेत सुरू केली आणि आम्हाला सांगितलं, घरी जात राहा.

घरी जाण्याचं हे काम सुईणीचं आहे. एडिंबरा भागातच याची पाहणी झाली, ती 1989 साली प्रसिद्ध झाली. साध्या आरोग्यसेविकांना थोडं शिकवून आठ आठवडे, दर आठवड्याला किमान अर्धा तास, नैराश्यातल्या आयांकडे फक्त ऐकायला पाठवलं. तीन महिन्यांनी त्यांच्यातल्या 26 पैकी 18 जणी बऱ्या झाल्या. ज्यांच्याकडे असं ऐकायला कुणी गेलं नाही, त्या 24 पैकी 9. पाहणी छोटी होती, पण ऐकणं हा उपचार आहे हे तेव्हापासून मी मनावर घेतलं.

ऐकणं अवघड असतं. सुरुवातीच्या वर्षांत मीसुद्धा एका बाळंतिणीला म्हटलं होतं, «रडू नकोस, दूध आटेल.» ती गप्प झाली. मला वाटलं, समजूत पटली. ती फक्त माझ्यासमोर रडायची थांबली होती, आणि त्याचं मला आजही वाईट वाटतं. म्हणून सईकडे गेल्यावर पहिला नियम, पहिली दहा मिनिटं सल्ला नाही. ‘सगळ्यांनाच होतं’ नाही, ‘बाळाकडे बघ’ नाही.

दुसऱ्या भेटीत ती म्हणाली, «मुंझारा होतो, ताई.» हा आपल्या बडोद्याचा शब्द, गुजरातीतून आलेला, छातीत कोंडल्यासारखं होणं. मी तोच शब्द परत दिला, «मुंझारा कधी जास्त होतो?» संध्याकाळी, दिवेलागणीला. तेव्हा घरात पाहुणे येतात, बाळ हातोहात फिरतं आणि भूक लागली की हिच्याकडे येतं. «मी फक्त दुधाची बाटली आहे,» ती म्हणाली. मग कळलं, की तीनचा तो दोष कशाचा होता. सिझर झालं म्हणून सुरुवातीचे दोन दिवस वरचं दूध द्यावं लागलं, आणि बाळाचं पोट दुखलं की तिला वाटे, आपल्यामुळेच. मी समजावलं नाही. विचारलं, «तुझ्या मैत्रिणीचं असं झालं असतं, तर तिला दोष दिला असतास?» ती बराच वेळ काही बोलली नाही.

त्यानंतर एकच छोटी गोष्ट ठरवली. दिवेलागणीला बाळाला पाजून झालं की वीस मिनिटं तिने बाळाला घेऊन आतल्या खोलीत बसायचं, दार लावून. पाहुण्यांना नवरा सांभाळेल. पहिल्या आठवड्यात हे दोनदाच जमलं. दहावा प्रश्न मी प्रत्येक भेटीत तोंडी विचारत होते, आणि तिसऱ्या भेटीपासून उत्तर ‘नाही’ यायला लागलं. चौथ्या भेटीनंतर कागद भरला, बारा. दोष अजून दोनवर होता.

या ऐकण्याला एक हद्द आहे. पहिल्या तीन-चार दिवसांचं रडू बहुतेक दोन आठवड्यांत आपोआप ओसरतं, त्याला आठ भेटी लागत नाहीत. पण बाई दोन-दोन रात्री झोपत नाही आणि तरी दमत नाही, बाळ बदललंय म्हणते, नसलेले आवाज ऐकते, घडीत हसते घडीत संशय घेते, तर तिथे कागदही काढायचा नाही. ती हजारात एखाद-दोघींना होणारी वेगळी अवस्था आहे. तिथे इस्पितळ, आणि त्याच तासाला. घरचे म्हणतील बाहेरची बाधा आहे, दृष्ट काढू. काढा म्हणावं, पण रिक्षात बसून.

सईची आठवी भेट संध्याकाळी होती. मी जिना चढून वर गेले, तर सासूबाईंनी बाळाला कडेवर घेतलं, माझ्यासाठी खुर्ची आतल्या खोलीत नेऊन ठेवली आणि म्हणाल्या, «तुम्ही बोला, मी खालच्या मजल्यावर आहे.» सईने कागद स्वतःच मागितला. सहा आले. पहिल्या प्रश्नावर, हसू येतं का यावर, अजून एकच होता. तो एक कशाचा, ते विचारायला मी पुढच्या महिन्यात जाणार आहे.