दीड किलोचा शब्द

मित्राच्या बहिणीच्या लग्नात आहेरासाठी दोनशे चादरी लागणार होत्या. त्याच्या घरी चहा पिताना मी म्हणून टाकलं, "मामाकडून साडेचारशेला देतो. तू काळजी करू नकोस बे." त्यानं इसार काढला, तोही मी परत त्याच्या खिशात कोंबला. मैत्रीत कसला इसार?

मामाचे सोलापुरात चार माग आहेत. दोन महिन्यांनी त्यांचा फोन आला. सूत किलोमागे चाळीस रुपयांनी चढलं होतं. आपली एक चादर दीड किलोची, म्हणजे चादरीमागे साठ रुपये वाढले. मामांना एका चादरीत सुटणार होते पंचेचाळीस. आता सुटणं बाजूलाच राहिलं, उलट पंधरा रुपये खिशातून जाणार. दोनशे चादरींचे तीन हजार.

"इसार घेतला असतास तर त्याच दिवशी सूत उचललं असतं की," मामा शांतपणे म्हणाले. तेव्हा कुठं माझ्या डोक्यात प्रकाश पडला. इसार म्हणजे समोरच्याच्या गळ्यात घातलेला फास, अशी माझी समजूत होती. खरं तर त्यातून शब्द देणाऱ्याला तो पाळायची सोय करून ठेवता येते. मी ती सोय मोठेपणानं परत केली होती, आणि मोठेपणा मामांच्या जिवावर.

वकील मेहुण्याला विचारलं, परिस्थितीच बदलली तर करार सुटतो ना रे? तो हसला. १८७२ च्या करार कायद्यात छप्पन्नावं कलम आहे, गोष्ट अशक्यच झाली तर करार रद्द होतो. पण महाग होणं म्हणजे अशक्य होणं नव्हे. सैन्यासाठी तूप खरेदी करून देणाऱ्या एका पेढीनं, महायुद्धामुळं खर्च वाढला म्हणून सरकारकडं जास्त पैसे मागितले होते. १९६० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्यांना नाही म्हटलं. युद्धानं जिथं तुपाचा करार सुटला नाही, तिथं माझी चादर कुठं सुटणार? (आमचा करार बशीतल्या चहावर झाला होता, हे मी त्याला सांगितलं नाही.)

एक तिसरी वाट होती आणि ती सगळ्यांना माहीत असते. विणताना आडवा धागा, म्हणजे बाणा, जरा विरळ टाकायचा. लांबी-रुंदी तीच, नक्षी तीच, भावही तोच. दीड किलोची चादर साडेतेरा-चौदाशे ग्रॅममध्ये बसते आणि आहेरात मिळालेली चादर कोण तोलून बघतंय? उजेडासमोर धरली तर कळतं, दोन-चार धुण्यांत तर कळतंच. मी हे नुसतं सुचवलं. मामा म्हणाले, "मग नाहीच म्हणून सांग त्याला. ते बरं." मला वाटतं, दिलेला शब्द उघड मोडणाऱ्यापेक्षा तो आतून विरळ करणारा जास्त त्रास देतो. उघड मोडला तर समोरच्याला दुसरीकडं जाता तरी येतं.

जानेवारीचे दिवस होते. सिद्धेश्वराच्या जत्रेला, गड्ड्याला गेलो तर अक्षता सोहळा चालू होता. सातही नंदीध्वज संमती कट्ट्यापाशी उभे. कथा लहानपणापासून ऐकलेली: कुंभारकन्येनं सिद्धरामेश्वरांशी लग्नाचा हट्ट धरला. ते योगी, लग्न करणं शक्य नव्हतं. त्यांनी तिला आपल्या योगदंडाशी विवाह करण्याची अनुमती दिली. दरवर्षी अक्षता टाकून मी मोकळा व्हायचो. या वेळी कट्ट्याच्या नावापाशीच अडलो. मागितलेलं जसंच्या तसं देता येत नसेल तर दुसरं काहीतरी देता येतं, पण मध्ये हा कट्टा लागतो. मी आठ दिवस मामाशी, मेहुण्याशी, स्वतःशी बोलत होतो. ज्याला शब्द दिला, तेवढा एकच राहिला होता.

तिथूनच फोन लावला. गर्दीच्या आवाजात ओरडून सगळा हिशोब सांगितला, इसाराची माझी चूक धरून. भाव बदलणार नाही, हेही सांगितलं. तो थोडा वेळ गप्प. मग म्हणाला, "मागच्या आठवड्यात का नाही बोललास बे? यादी तेव्हाच कमी केली आम्ही. दीडशे पुरेत." त्याला राग आला होता तो सुताच्या भावाचा नव्हता, त्या आठ दिवसांचा होता.

दीडशे चादरींचा तोटा सव्वादोन हजार. तो मी देतो म्हटल्यावर मामा म्हणाले, "निम्मा दे. शब्द तुझा, पण माग माझे."

माल न्यायला मित्र आला तेव्हा मामांनी गठ्ठ्याच्या मधली एक चादर ओढून काढली आणि शेजारच्या किराणा दुकानाच्या काट्यावर टाकली. मित्र "अहो मामा, कशाला" म्हणत राहिला. काटा एक किलो पाचशे दहावर थांबला. मामांनी घडी नीट केली, चादर परत गठ्ठ्यात सरकवली आणि मला म्हणाले, "दोरी धर."