अमोनिया प्रिंटपासून मराठी नकाशापर्यंत: आमची वाटचाल

अमळनेरला आमचं नकाशांचं दुकान आहे. वडिलांच्या काळात तिथे ट्रेसिंग आणि अमोनिया प्रिंटची कामं व्हायची. दुकानात शिरलं की आधी अमोनियाचा वास यायचा आणि मग दोरीवर टांगलेले निळसर कागद दिसायचे. नगरपालिकेत बांधकाम परवानगीसाठी लागणाऱ्या प्रती, शेतजमिनीच्या मोजणीचे कागद, घराचे साधे आराखडे अशी ती कामं होती. पुढे कॉम्प्युटर आला, प्लॉटर आला आणि अमोनियाची पेटी बंद झाली. गेल्या काही वर्षांत मात्र एक वेगळंच काम आमच्याकडे येऊ लागलं, आणि आज दुकान बऱ्याच अंशी त्यावर चालतं. मोबाईलवर काढलेल्या फ्लॅटच्या नकाशाचा फोटो येतो. त्यावरची इंग्रजी नावं मराठीत करून, फूट-इंचाची मापं मीटरमध्ये बदलून, घेणाऱ्याच्या हातात देता येईल असा कागद आम्ही तयार करतो.

हे काम आलं ते सुरतेमुळे. उधना-जळगाव रेल्वेमार्गावरच्या आमच्या पट्ट्यात सुरतेला माणूस नाही असं घर शोधावं लागेल. मुलगा तिकडे उधन्याला किंवा पांडेसऱ्याला राहतो, फ्लॅट बघतो आणि बिल्डरच्या ऑफिसातून नकाशाचा फोटो गावी पाठवतो. पैसे मात्र इथून जायचे असतात, शेत किंवा प्लॉट विकून. म्हणून आई-वडिलांना कळायला हवं की आपण नक्की काय घेतोय. नकाशावर फूट-इंच, सेल्समनच्या तोंडी 'साडेनऊशे फूट' किंवा 'एकशे पाच वार', आणि करारनाम्यात चौरस मीटर. तीन ठिकाणी तीन मापं असल्यावर घरातला जाणता माणूससुद्धा गोंधळतो.

असेच एक आबा पारोळ्याकडून आले होते. फोन पुढे करून म्हणाले, "भाऊ, माले मीटर समजत नई, फूटमा सांग. पन वकील म्हने करारमा मीटरच से." दोन्ही हवं होतं आणि दोन्ही बरोबर हवं होतं. त्यांचंच काम इथे सविस्तर सांगतो, कारण बाकीची कामंही याच वाटेने जातात.

पहिली अडचण फोटोची. कागद टेबलावर ठेवून तिरका फोटो काढलेला, मधोमध घडी, आणि व्हॉट्सअॅपने तो दाबून बारीक केलेला. अशा फोटोत सगळ्यात आधी नाहीशी होते ती इंचाची आणि फुटाची खूण. ११'-३" च्या जागी नुसतं '११ ३' दिसतं. तीनचा आठ होतो, सहाचा शून्य होतो. म्हणून आम्ही सुरतेच्या मुलाला फोन करून सांगतो: कागद सपाट कर, दिवसाच्या उजेडात बरोबर वरून फोटो काढ, चारही कोपरे आत येऊ दे, मग प्रत्येक चतकोराचा जवळून वेगळा फोटो घे, आणि सगळे फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठव म्हणजे दाबले जाणार नाहीत. एवढं केलं की निम्मी कटकट मिटते.

फोटोवर पट्टी ठेवून माप घ्यायला लोक सांगतात. ते आम्ही करत नाही. तिरक्या फोटोत कागदाची लांबची बाजू आखडते, त्यामुळे एकाच मापाच्या दोन खोल्या लहान-मोठ्या दिसतात. नकाशाच्या कोपऱ्यात १:१०० लिहिलेलं असलं तरी ते मूळ छापील कागदापुरतं खरं असतं. पडद्यावर किंवा झेरॉक्सवर त्याला काही अर्थ उरत नाही. वाचायचे ते फक्त लिहिलेले आकडे.

आणि लिहिलेला आकडा खरा वाचला की नाही हे कशावरून ठरवायचं? बेरजेवरून. आबांच्या नकाशात लहान बेडरूमची लांबी घडीवर आली होती. माझ्या पत्नीने ती ११'-८" वाचली, मला ११'-३" वाटली. आम्ही दोघांनी वेगवेगळं वाचायचं आणि मग ताडून बघायचं, अशी पद्धतच आहे. नकाशाच्या कडेला इमारतीच्या त्या बाजूचं बाहेरून बाहेरचं एकूण माप स्पष्ट होतं, ३२'-०". आता त्या रेषेवर येणारं सगळं इंचात मांडलं. बाहेरची भिंत ९ इंच, हॉल १५ फूट म्हणजे १८० इंच, मधली भिंत साडेचार इंच, पॅसेज साडेतीन फूट म्हणजे ४२ इंच, पुन्हा साडेचार इंचाची भिंत, मग ती बेडरूम, आणि शेवटी बाहेरची भिंत ९ इंच. बेडरूम सोडून बेरीज २४९ इंच होते. एकूण ३२ फूट म्हणजे ३८४ इंच. वजाबाकी १३५ इंच, म्हणजे बरोबर ११'-३". आठ धरला असता तर घर ३२ फूट ५ इंच झालं असतं. अंदाजाने वाद घालण्यापेक्षा ही दोन मिनिटांची बेरीज मला फार मोलाची वाटते. बेरीज जुळत नसेल तर कुठला तरी आकडा चुकीचा वाचला आहे किंवा मूळ नकाशातच गडबड आहे, एवढं नक्की कळतं.

यानंतर मीटर. इथे सर्रास होणारा घोळ म्हणजे इंच दशांशात लिहिणं. १०'-६" म्हणजे साडेदहा फूट, १०.५. पण कॅल्क्युलेटरवर १०.६ टाकलं जातं, आणि ते एका इंचाहून जास्त वाढतं. ११'-१०" ला ११.१० टाकलं तर कॅल्क्युलेटर त्याला ११ फूट सव्वा इंच समजतो आणि जवळजवळ नऊ इंच गायब होतात. म्हणून आम्ही आधी सगळं इंचात करतो आणि मग ०.०२५४ ने गुणतो. एक इंच म्हणजे नेमके २५.४ मिलिमीटर, त्यात अंदाज काही नाही. हॉल १०'-६" बाय १५'-०" म्हणजे १२६ बाय १८० इंच, म्हणजे ३.२० बाय ४.५७ मीटर. लहान बेडरूम १०'-०" बाय ११'-३" म्हणजे ३.०५ बाय ३.४३ मीटर. दशांशानंतर दोन अंक ठेवतो. एकच ठेवला तर पाच सेंटिमीटरपर्यंत फरक पडतो, आणि कपाट बसणार की नाही हे तेवढ्यावरही ठरू शकतं.

नावांचं काम त्या मानाने सोपं. मूळ नाव पुसत नाही, त्याच्याखाली मराठी लिहितो, म्हणजे कुणी मूळ कागदाशी ताडून बघू शकेल. 'एम. बेड' च्या खाली मोठी बेडरूम, 'टॉयलेट' च्या खाली संडास-बाथरूम. सुरतेच्या नकाशात किचनला लागून 'वॉश' असतो. तिथे भांडी-धुणं होतं, म्हणून आम्ही धुण्याची जागा लिहितो. 'ओ.टी.एस.' म्हणजे वरून उघडी हवा-उजेडाची मोकळी जागा. ती आपल्या घरात धरायची नसते, हे शेजारी स्पष्ट लिहितो. घेणारा ती खोली समजला तर पंचाईत.

खरी किंमत कळली ती क्षेत्रफळ मांडल्यावर. हॉल १५७.५ चौरस फूट, किचन ७८, लहान बेडरूम ११२.५, मोठी १२६, दोन संडास-बाथरूम मिळून ५९.५ आणि पॅसेज २८. बेरीज ५६१.५. यात वॉशचे २४ चौरस फूट धरलेले नाहीत, कारण तो बाल्कनीसारखा बाहेर काढलेला होता. २०१६ च्या रेरा कायद्यात कार्पेट एरियाची जी व्याख्या आहे तिच्यात बाहेरच्या भिंती, डक्ट, स्वतःची बाल्कनी आणि उघडी गच्ची येत नाही; आतल्या भिंतींखालची जागा मात्र येते. हा कायदा देशभराचा असल्याने गुजरातलाही हीच व्याख्या लागू. नकाशातल्या आतल्या भिंती साधारण ७० फूट लांबीच्या होत्या, जाडी साडेचार इंच, म्हणजे आणखी सव्वीस चौरस फूट. एकूण ५८७ आणि वर थोडे. एका चौरस मीटरमध्ये १०.७६४ चौरस फूट, म्हणून हे झाले ५४.६ चौरस मीटर. करारनाम्याच्या मसुद्यात ५४.६० लिहिलं होतं. जुळलं.

म्हणजे कागद खरा होता. पण आबांच्या डोक्यात साडेनऊशे फूट बसले होते. सेल्समनचा तो आकडा सुपर बिल्टअपचा, त्यात जिना, लिफ्ट, सामाईक जागा सगळं मिसळलेलं. त्याचेच १०५ वार होतात, कारण एक वार म्हणजे नऊ चौरस फूट. कार्पेट एरिया होता फक्त ५८७. आम्ही कागदावर दोन्ही आकडे एकाखाली एक लिहिले आणि एकूण किमतीला ५८७ ने भागून खरा दर काढून दिला. आबा बराच वेळ त्या दराकडे बघत बसले, मग मुलाला फोन लावून म्हणाले, भाव पुन्हा बोल. भाव किती उतरला हा त्यांचा घरचा विषय. पण बोलणी योग्य आकड्यावर झाली याचं मला फार समाधान आहे.

आमच्या कागदाची मर्यादा आम्ही खाली छापतो. तो फोटोवरून केलेला आहे. जाहिरातीतला नकाशा आणि मंजूर नकाशा वेगळे असू शकतात, मंजूर नकाशाची प्रत मागून घ्या. दुसरं म्हणजे नकाशातली मापं बहुतेक वेळा विटेपासून विटेपर्यंतची असतात. दोन्ही भिंतींचं प्लास्टर मिळून इंचभर जागा जाते, बाथरूममध्ये टाइल्समुळे आणखी थोडी. चार फुटांची बाथरूम हातात येते तेव्हा तीन फूट दहा इंचांच्या आसपास भरते. त्यामुळे फ्रिज, पलंग किंवा ओट्याचं सामान घेताना आमच्या कागदावरून ऑर्डर देऊ नका, जागेवर टेप लावा.

जो आकडा बेरजेनेही ठरत नाही, त्याला लाल गोल करून जागा कोरी सोडतो. काहींना ते आवडत नाही. पैसे दिलेत तर काहीतरी भरा म्हणतात. आम्ही भरत नाही. मुलगा सुरतेत असतो, टेप शेजारच्या सुताराकडेही मिळते. त्याने जाऊन मोजावं आणि कळवावं, मग ती जागा त्याच पैशांत भरून देतो. आता पत्नी वाचन आणि बेरीज बघते, मी मांडणी आणि प्रिंट बघतो. मापं दोघांनी स्वतंत्र वाचल्याशिवाय प्लॉटर चालू करत नाही.