उकडीचे मोदक आणि माझं चुकलेलं कॅप्शन

गेल्या वर्षी गणेश चतुर्थीच्या आठ दिवस आधी मी उकडीच्या मोदकांचं रील टाकलं. कळ्या झकास पडल्या होत्या, वाफ दिसत होती, शेवटी मोदक फोडून वर तुपाची धार. कॅप्शन मात्र घाईत लिहिलं: ‘खोबरं १, गूळ १/२, पिठी १, पाणी १’. माझ्या दृष्टीने यात चुकण्यासारखं काहीच नव्हतं.

चतुर्थीला सकाळी दहा वाजता आतेबहिणीचा फोन. सारण पातळ झालंय, मोदक पात्रात फुटतायत आणि गुळाचं पाणी खाली ठिबकतंय. गूळ किती घातलास विचारलं, तर म्हणाली, “तूच लिहिलंयस ना, एक-दोन वाट्या! मी दीड घातला.” तिने तो तिरका दंड ‘एक ते दोन’ असा वाचला होता. एका वाटी खोबऱ्याला दीड वाटी गूळ म्हणजे सारण नव्हे, पाकच. हसावं की रडावं कळेना.

चाखून पाहिलं असतं तर तिच्या लगेच लक्षात आलं असतं. पण नैवेद्याचं सारण कोण चाखणार? आमच्याकडे तर परातीतून खोबऱ्याचा कीस तोंडात टाकला तरी सासूबाई डोळे वटारतात. इतर वेळी मीठ-गोड जिभेवर ठरतं. नैवेद्याच्या दिवशी सगळी भिस्त मापावर आणि डोळ्यांवर. म्हणजे ज्या दिवशी कॅप्शन सर्वांत जास्त उपयोगी पडायला हवं, नेमका त्याच दिवशी माझं कॅप्शन दगा देऊन गेलं.

या वर्षी ठरवलं, सगळी मापं अक्षरांत लिहायची. अर्धी, पाऊण, सव्वा, अडीच. एवढे नेमके शब्द आपल्याकडे असताना आकड्यांच्या मध्ये दंड कशाला? लिहायला बसले आणि पहिल्याच ओळीत अडले. ‘दोन वाट्या खोबरं’ म्हणजे कसं? हलक्या हाताने भरलेलं की दाबून? करून पाहिलं. दाबून भरलेली एक वाटी परातीत मोकळी केली आणि त्याच वाटीने अलगद भरली, तर जवळजवळ दीड वाटी निघाली. गुळाचंही तसंच. किसलेला गूळ बोटांनी दाबला की वाटीत कितीतरी जास्त मावतो. एकीने खोबरं दाबून आणि गूळ अलगद भरला, दुसरीने उलट केलं, तर कॅप्शन तेच असूनही एकीचं सारण फिकं आणि दुसरीचं चिकट. मग ठरवलं की दोन्ही अलगद भरायचे, वाटी एकच आणि वरून सपाट. हे वाक्य मापाला जोडूनच लिहिलं.

शब्दांचाही घोळ निघाला. मी आधी ‘ओल्या नारळाचा चव’ असं लिहिलं होतं. भाचीने वाचून विचारलं, “मावशी, नारळाची चव वाटीने कशी मोजायची?” तिचंही बरोबर होतं. ‘खवलेला ओला नारळ’ केलं. तिला ‘पाऊण’ही नीट सांगता येईना, म्हणून जिथे पाऊण येईल तिथे ‘अर्धी आणि वर पाव’ असं लिहायचं ठरलं. सुदैवाने या प्रमाणात तो शब्द लागलाच नाही.

प्रमाण मी एकवीस मोदकांचं धरलं, कारण नैवेद्याला एकवीसच लागतात. आमचे मोदक मध्यम असतात, लिंबापेक्षा थोडे मोठे. त्याला दोन वाट्या पिठी आणि अडीच वाट्या खोबरं लागतं, आणि खोबऱ्याच्या निम्मा गूळ, म्हणजे सव्वा वाटी. नारळ फार गोड निघाला तर गूळ दोन चमचे कमी. चिकीचा गूळ नको; त्याचं सारण थंड झालं की दगड होतो.

कॅप्शनमध्ये सर्वांत जास्त वेळ गेला तो ‘सारण कधी उतरवायचं’ या एका वाक्यावर. ‘दहा मिनिटं परता’ लिहून भागत नाही. नारळात पाणी किती, कढई जाड की पातळ, यावर वेळ बदलते. सासूबाईंना विचारलं तर म्हणाल्या, “अगं, कळतं ते.” कसं कळतं हे त्यांना सांगता येईना, म्हणून शेजारी उभी राहून बघितलं. गूळ विरघळला की आधी सारण सैल होतं, कडेला पाणी सुटतं. मग ते पाणी आटत जातं. उलथन्याने कढईच्या मधून रेघ ओढली आणि रस धावत येऊन ती बुजली नाही, की गॅस बंद. त्या वेळी सारण ओलसरच दिसतं आणि हात थांबत नाही, अजून दोन मिनिटं परतावंसं वाटतं. तिथेच चुकतं. निवताना ते आपोआप घट्ट होतं. कढईतच कोरडं केलं तर मोदकात त्याची वडी होते. तसं झालंच तर दोन चमचे दूध शिंपडून मंद आचेवर हलवलं की बरंचसं सुटतं. उलट पातळ राहिलं तर पुन्हा परतायचं, पण पारीत भरण्याआधी. गरम सारण पारीत घातलं तरी मोदक फुटतो, म्हणून गार करायचंही लिहिलं.

उकडीवर मी मोजकंच लिहिलं, कारण ती रीलमध्ये दिसते. पिठी तेवढंच पाणी. पिठी जुन्या तांदळाची असेल तर मळताना पाण्याचा हात थोडा जास्त लागतो.

कॅप्शनची पहिली ओळच तेवढी दिसते, बाकीचं दाबून उघडावं लागतं. म्हणून शुभेच्छा, फुलं, हात जोडलेली चित्रं सगळी खाली ढकलली. शेवटी हे टाकलं:

‘एकवीस मोदकांचं सारण: अडीच वाट्या खवलेला ओला नारळ, सव्वा वाटी किसलेला गूळ. वाटी एकच, दोन्ही न दाबता सपाट भरा. एक चमचा भाजलेली खसखस, अर्धा चमचा वेलची पूड, किंचित जायफळ, चिमूटभर मीठ. परतताना उलथन्याने ओढलेली रेघ बुजली नाही की उतरवा, पूर्ण गार करा. उकड: दोन वाट्या पिठी, दोन वाट्या पाणी, दोन चमचे तूप, चवीपुरतं मीठ. पाणी उकळलं की पिठी घालून ढवळा, झाकून दोन मिनिटं मंद वाफ, गॅस बंद करून दहा मिनिटं तसंच ठेवा, मग गरम असतानाच मळा. मोदक पाण्यात बुडवून हळदीच्या पानावर ठेवा. पाण्याला उकळी आल्यावर बारा मिनिटं वाफवा. पारी चकचकीत दिसली आणि ओल्या बोटाला चिकटली नाही की झालं.’

पोस्ट करण्याआधी आतेबहिणीला पाठवलं आणि काही न सांगता करायला लावलं. संध्याकाळी फोटो आला. एकवीस मोदक, एकही फुटलेला नाही, बाजूला रिवाजाची एक करंजी. खाली तिचा प्रश्न: “उकड उरलीये. निवगऱ्यांत मिरची किती, तेही अक्षरांत लिही.”