बोर्डाच्या 14 टिप्सचा व्हिडिओ मी परत कसा लिहिला

आमच्या इंदूरच्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर दहावीच्या मुलांसाठी एक व्हिडिओ करायचं ठरलं आणि मी जुनी शिक्षिका म्हणून काम माझ्या गळ्यात पडलं. स्क्रिप्ट तयारच होती, गेल्या वर्षी मीच लिहिलेली, 14 टिप्स, लवकर उठा, एकाग्रता वाढवा, वेळापत्रक करा वगैरे. मोबाइल लावून नुसती वाचून बघितली तर 1450 शब्दांना 11 मिनिटं 40 सेकंद लागली, म्हणजे मिनिटाला साधारण 124 शब्द, आणि शेवटी तर मलाच धाप लागली.

मग रामबागेत भावाकडे गेले आणि भाच्याला रेकॉर्डिंग दाखवलं. तो दहावीत, सीबीएसई. चौथ्या टिपला त्याने दुसरा फोन उचलला. मी विचारलं काय रे, तर म्हणे, "आत्या, हे सगळं आम्हाला शाळेत रोज सांगतात. आणि एकाग्रता म्हणजे फोकस ना?" घरात मराठी बोलतो पण अभ्यासाचे सगळे शब्द हिंदी-इंग्रजीच, त्यामुळे उजळणीचं रिव्हिजन मी तिथेच करून टाकलं. मग सहज विचारलं, तुला भीती नेमकी कशाची वाटते? त्याने लगेच सांगितलं, "मॅथ्सचा पेपर हातात आला आणि येणाराच सम अडकला तर."

बस, मला व्हिडिओ तिथेच सापडला. 14 पैकी 13 टिप्स काढल्या (जीव तुटला, खोटं कशाला बोलू) आणि फक्त "सम अडकला तर" एवढंच ठेवलं. सुरुवातीचं "नमस्कार मित्रांनो, ही तुमच्या आयुष्यातली सर्वात महत्त्वाची परीक्षा" हे वाक्यही उडवलं, हिंमत द्यायला बसलो आणि पहिल्याच वाक्यात घाबरवलं असं होत होतं. "मेहनत केली की 95 टक्के पक्के" हेही काढलं, ते मी कोण देणार?

नवीन स्क्रिप्ट वहीच्या पानाचे दोन भाग करून लिहिली, डावीकडे काय दिसणार, उजवीकडे काय बोलणार. डावीकडे पहिली ओळ: कोरं पान, पेन थांबलेलं, घड्याळाची टिकटिक. उजवीकडे काहीच नाही, 6 सेकंद गप्प. त्यानंतर पहिलं वाक्य, "पाच मार्कांचा टॉवरचा सम आहे, काल आला होता, आज येत नाहीये." सगळीकडे "तुम्ही" होतं ते "तू" केलं, कारण तुम्ही म्हटलं की सूचनाफलक वाचल्यासारखं वाटतं.

आता हिंमत द्यायची कशी? घाबरू नकोस म्हटल्याने कोणाची भीती जाते का? म्हणून हिशोबच दाखवला. पेपर 80 मार्कांचा, वेळ 180 मिनिटं. मार्काला 2 मिनिटं धरली तर 160 होतात, 20 उरतात. म्हणजे पाच मार्कांच्या समाला 10 मिनिटं, त्यात नाही सुटला तर जागा सोड आणि पुढे जा, ती 20 मिनिटं परत यायला ठेवलेलीच आहेत. आणि सोडायच्या आधी आकृती काढ, tan 60° चं समीकरण लिही, स्टेपचे मार्क मिळू शकतात, कोरं सोडलं तर शून्यच. हे बोलताना स्क्रीनवर भाच्याचा हात आकृती काढतोय, जागा सोडतोय, पान उलटतोय. "मागे 5 राहिले, पुढे 75 आहेत," हे वाक्य पान उलटतानाच येतं, आधी नाही. आधी ठेवून बघितलं होतं, भाषण वाटत होतं.

एक चूक मात्र मोठीच होती. मी लिहिलं होतं की सुरुवातीच्या 15 मिनिटांत सोपे प्रश्न पटापट लिहून टाक. एका ओळखीच्या मॅथ्सच्या मॅडमला स्क्रिप्ट दाखवली म्हणून वाचले, कारण ती 15 मिनिटं फक्त वाचायची असतात, उत्तर लिहायचं नसतं. आता तिथे आहे की डोळ्यांनी पेपर फिरून ये, चॉइसवाल्या प्रश्नांत कुठला करायचा ते ठरव, सुरुवात कशाने करायची तेही ठरव.

शेवटची स्क्रिप्ट 430 शब्दांची झाली, मधले गप्प राहायचे क्षण धरून साधारण चार मिनिटं. भाच्याने अट घातली की चेहरा दिसता कामा नये, त्यामुळे पूर्ण व्हिडिओत नुसते हातच आहेत, नखं कापून घेतली आधी. ज्याने टॉवरचे सम कधी केलेच नाहीत त्याला याचा उपयोग नाही, हे मी ग्रुपवर स्पष्ट लिहिलं, आणि उरलेल्या 13 टिप्स एका पानाच्या मेसेजमध्ये टाकल्या. तो मेसेज आतापर्यंत फक्त आयांनीच फॉरवर्ड केलाय.