आधी पडदा दुभागा, मग फॉर्म उघडा

"ताई, तुम्ही एकाच मोबाइलवर सातबाराही पाहता अन् विम्याचा फॉर्मही भरता. आमचा फॉर्म तर मधातच कोरा होऊन जाते. तुमचा काहून नाही होत?" गावातले लोक मला नेहमी असं विचारतात.

माझाही व्हायचा. दारव्हा तालुक्यातल्या आमच्या गावात मी बचत गटांची सीआरपी, म्हणजे गटांना मदत करणारी समुदाय संसाधन व्यक्ती, आहे. गटाच्या नोंदी मोबाइलवर ठेवायची सवय असल्यामुळे हळूहळू गावातले अर्जही माझ्याकडे येऊ लागले. जुलै लागला की पीकविम्यासाठी सातबारा आणि पासबुक घेऊन लोक ओसरीवर येऊन बसतात. तेव्हा माझ्याजवळ तीन जीबी रॅमचा फोन होता. शेवटच्या तारखेच्या आदल्या दिवशी एक काकाजी डवरणी अर्धी टाकून आले होते. त्यांचा सातबारा व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला आणि फॉर्म ब्राउझरमध्ये उघडलेला. गट नंबर बघायला मी व्हॉट्सअ‍ॅपवर गेले, पीडीएफ उघडली, नंबर पाहून परत आले, तर पान क्षणभर पांढरं झालं आणि पहिल्या रकान्यापासून सगळं कोरं. असं तीनदा झालं. काकाजी मला काहीच बोलले नाहीत, एवढंच म्हणाले, "पोरी, आता पुन्हा पुरं भरा लागते का?" ते ऐकून मला फार लागलं. त्या रात्री मी हे असं का होतं ते शोधत बसले.

कारण समजलं की उपाय आपोआप समजतो, म्हणून आधी कारण सांगते. फोनची रॅम म्हणजे काम करायची जागा. ती भरत आली की अँड्रॉइड जागा मोकळी करायला लागतं, आणि सगळ्यात आधी डोळ्यांआड असलेली अ‍ॅप काढून टाकतं. तुम्ही सातबारा पाहायला गेलात की ब्राउझर डोळ्यांआड जातो. पीडीएफ उघडायला जागा हवी असते, ती ब्राउझरचं पान सोडून मिळते. परत आलात की ब्राउझरला पानाचा पत्ता आठवतो, म्हणून तो पान पुन्हा आणतो, पण रकान्यांत तुम्ही टाइप केलेलं बहुतेक वेळा त्याच्याकडे उरत नाही. उलट जे अ‍ॅप पडद्यावर दिसत असतं, त्याला अँड्रॉइड अगदी शेवटपर्यंत हात लावत नाही. पडदा दुभागला, म्हणजे स्प्लिट स्क्रीन करून दोन अ‍ॅप एकाच वेळी पडद्यावर ठेवली, की सातबारा आणि फॉर्म दोन्ही दिसत राहतात, म्हणून दोन्ही टिकतात. लोकांना वाटतं, स्प्लिट स्क्रीन ही घाईच्या माणसाची सोय आहे. कमी रॅमच्या फोनवर ती फॉर्म वाचवायची युक्ती आहे, असं मी मनापासून सांगते.

फॉर्म जाण्याचं दुसरं एक कारण आहे आणि त्यावर स्प्लिट स्क्रीनचा इलाज नाही. सरकारी किंवा बँकेच्या साइटवर लॉगिन ठरावीक वेळच चालतं. तो वेळ संपला की तिकडूनच बाहेर काढतात. दोन्हींतला फरक ओळखता येतो. परत आल्यावर पान पांढरं होऊन तेच पान कोरं उघडलं, तर दोष रॅमचा. थेट लॉगिनचं पान आलं किंवा वेळ संपल्याचा निरोप आला, तर दोष वेळेचा. वेळेचा असेल तर सगळे आकडे आधी कागदावर काढून ठेवायचे आणि मगच लॉगिन करायचं.

आता पडदा दुभागायचा कसा, ते सांगते. ही सोय २०१६ साली अँड्रॉइड ७ मध्ये आली. त्या वेळच्या फोनवर खालचं चौकोनी बटण दाबून धरायचं. २०१८ च्या अँड्रॉइड ९ पासून रीत बदलली. चौकोनी बटण दाबायचं, किंवा बटणं नसतील तर खालून वर सरकवून बोट थांबवायचं, म्हणजे उघडलेल्या अ‍ॅपची पानं दिसतात. ज्या अ‍ॅपला वरची जागा द्यायची, त्याच्या पानावरच्या छोट्या चिन्हावर टिचकी मारायची आणि `Split screen` निवडायचं. काही कंपन्यांच्या फोनवर चिन्हाऐवजी ते पानच दाबून धरावं लागतं. मग दुसरं अ‍ॅप निवडलं की मध्ये एक आडवी पट्टी येते. ती बोटाने वर-खाली ओढली की एकाची जागा वाढते, दुसऱ्याची कमी होते. काम झालं की पट्टी पार वर किंवा पार खाली ओढायची.

इथे सगळ्यात मोठी चूक होते. लोक अर्धा फॉर्म भरतात, मग सातबारा पाहायचा म्हणून पडदा दुभागतात आणि नेमका तेव्हाच फॉर्म कोरा होतो. पडदा दुभागणं म्हणजे अ‍ॅपच्या लेखी पडद्याचा आकार बदलणं. आकार बदलला की अँड्रॉइड बऱ्याच अ‍ॅपचं ते पान मोडून नव्याने उभारतं. नीट बांधलेलं अ‍ॅप भरलेलं सांभाळून ठेवतं, ढिसाळ बांधलेलं विसरतं. फोन आडवा फिरवला तरी हेच होतं. म्हणून माझा क्रम ठरलेला आहे: आधी सातबारा उघडायचा, मग ब्राउझर, मग पडदा दुभागायचा, पट्टी हवी तिथे नेऊन ठेवायची, फोन फिरू नये म्हणून ऑटो-रोटेट बंद करायचं, आणि मगच पहिला रकाना भरायचा. नवीन अ‍ॅप असेल तर फक्त नाव टाइप करून पट्टी थोडी हलवून पाहते. नाव राहिलं तर निर्धास्त, गेलं तर पट्टीला पुन्हा हात लावत नाही.

आणखी एक गोष्ट. सातबारा आणि फॉर्म दोन्ही ब्राउझरमध्येच उघडू नका. एकच अ‍ॅप दोन्हीकडे बसवणं सगळ्या फोनवर जमत नाही. सातबारा डाउनलोड करून पीडीएफच्या अ‍ॅपमध्ये उघडा, कागदाचा फोटो असेल तर गॅलरीत.

कीबोर्ड नेहमी खालूनच येतो आणि अर्धा पडदा खातो. फॉर्म वर ठेवला तर कीबोर्ड खालचा सातबारा झाकतो. म्हणून मी सातबारा वर आणि फॉर्म खाली ठेवते. टाइप करताना फॉर्मची जागा तोकडी होते, पण आकडा समोर राहतो. खाते क्रमांक आणि आयएफएससी कोड मात्र मी बघून टाइप करतच नाही. घरच्या पोराला सांगते, पासबुकावरचा खाते क्रमांक एका मेसेजमध्ये आणि आयएफएससी दुसऱ्या मेसेजमध्ये पाठव, दुसरा शब्द लिहू नको. व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज दाबून कॉपी केला की आख्खा मेसेज कॉपी होतो, म्हणून तो निव्वळ आकड्याचा हवा. मग फॉर्मच्या रकान्यात बोट दाबून पेस्ट. त्या पोरानेच चुकीचं टाइप केलेलं असू शकतं, तेव्हा पासबुक हातात धरून एकदा जुळवतेच. आयएफएससीची ११ अक्षरं असतात आणि पाचवं कायम शून्य असतं. लोक तिथे इंग्रजी ओ टाकतात आणि कोड चुकीचा ठरतो.

फ्लोटिंग विंडो, म्हणजे पडद्यावर तरंगणारी छोटी चौकट, मी एकाच कामाला वापरते, कॅल्क्युलेटरला. आमच्याकडे वावर एकरात सांगतात, सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर-आरमध्ये असतं. त्या काकाजींचंच घ्या. सातबाऱ्यावर १.६२ हेक्टर, म्हणजे चार एकर. त्यांनी सांगितलं, "अडीच एकरात पऱ्हाटी हाय, दीड एकरात सोयाबीन." फॉर्मला प्रत्येक पिकाचं क्षेत्र हेक्टरमध्ये हवं. तोंडी हिशोब करणारे एकराला ४० आर धरतात. तसं केलं तर पऱ्हाटी, म्हणजे कापूस, १.०० आणि सोयाबीन ०.६०, बेरीज १.६०. दोन आर, म्हणजे जवळपास दोन गुंठे, विम्याबाहेर राहतात. एकर खरा ०.४०४७ हेक्टरचा. अडीचला त्याने गुणलं की १.०१ आणि दीडला गुणलं की ०.६१. बेरीज १.६२, सातबाऱ्याशी तंतोतंत.

हा गुणाकार करायला फॉर्म सोडून कॅल्क्युलेटरवर जायचं नाही. सॅमसंगवर अ‍ॅपच्या पानावरच्या त्याच छोट्या चिन्हाच्या यादीत `Open in pop-up view` असतं, शाओमी, ओप्पो, रियलमीच्या बऱ्याच फोनवर `Floating window`. कॅल्क्युलेटर छोट्या चौकटीत फॉर्मच्या वर तरंगतो, वरच्या कडेला धरून कुठेही सरकवता येतो. स्प्लिट स्क्रीनमध्ये तो विनाकारण अर्धा पडदा अडवतो. पण पीडीएफ तरंगत्या चौकटीत वाचू नका. अक्षर बारीक होतं आणि सातबाऱ्यावरच्या ३ आणि ८ मध्ये गफलत होते. तसंच ही चौकट खालचा रकाना झाकत असेल, तर फॉर्म सबमिट करण्याआधी ती बंद करा, म्हणजे एखाद्या चौकोनात खूण करायची राहून जाणार नाही.

ज्यांना हा पर्यायच दिसत नाही, त्यांनी आधी आपला फोन पाहावा. अगदी कमी रॅमच्या फोनवर अँड्रॉइडची गो आवृत्ती असते, तिच्यात स्प्लिट स्क्रीन ठेवलेलीच नाही. सेटिंगमध्ये कितीही शोधली तरी सापडणार नाही. आयफोनवरही अशी दोन अ‍ॅप शेजारी उघडत नाहीत. काही अ‍ॅप, विशेषतः पैशाच्या व्यवहाराची, स्वतःच दुभागायला नकार देतात, तिथे जबरदस्ती करू नये.

अशा वेळी झटपट ये-जा करायची. बटणं असतील तर चौकोनी बटण लागोपाठ दोनदा दाबलं की मागचं अ‍ॅप समोर येतं, पुन्हा दोनदा दाबलं की परत. बटणं नसतील तर पडद्याच्या तळाची पट्टी आडवी सरकवायची. पण या ये-जामध्ये फॉर्म डोळ्यांआड जातोच, म्हणून सुरू करण्याआधी बाकीची अ‍ॅप बंद करते. मग पाहायचं ते एका फेरीत पाहते: गट नंबर, खाते नंबर, क्षेत्र, तिन्ही कागदावर लिहूनच परत येते. ओटीपीसाठी तर अ‍ॅप बदलत नाहीच. मेसेज आला की वरून सूचनांचा पडदा थोडा खाली ओढते, सहा आकडे तिथेच वाचते आणि पडदा वर सोडून देते.